पीटी नॉर्मल आहे म्हणूनच सांगते, गोळ्या द्या

प्रश्न: आमच्या लॅब्राडॉरने काल रात्री उंदरांच्या औषधाची वडी खाल्ली. आज रक्त तपासलं तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, नॉर्मल, कुत्राही उड्या मारतोय. तरी डॉक्टर महिनाभर व्हिटॅमिन के द्या म्हणतात. खरंच गरज आहे का?

आहे. आमचा खंड्याही तीन दिवस उड्या मारत होता.

गावी धान्याच्या खोलीत दादाने उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन विषाच्या वड्या टाकल्या होत्या. चौथ्या दिवशी खंड्या उठेना, खोकायला लागला, हिरड्या पांढऱ्या पडल्या. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता, सगळं छातीत साचत होतं. आमच्याकडे असा कुत्रा दिसला की आधी गोचीड ताप म्हणतात, तसंच झालं. पण त्यात प्लेटलेट घसरतात, आणि खंड्याच्या होत्या 1 लाख 70 हजार. मग निळ्या बुचाच्या नळीत रक्त पाठवलं. पीटी 58 सेकंद, आणि एपीटीटी, म्हणजे गोठण्याचीच दुसरी चाचणी, ती तर यंत्राने मोजायचंच सोडलं. शेजारच्या निरोगी कुत्रीचं रक्त सोबत दिलं होतं, तिचा पीटी 8.

ते सोबतचं रक्त फार कामाचं. कुत्र्याचा पीटी माणसापेक्षा कमी असतो, साधारण 6 ते 10 सेकंद. माणसांच्या लॅबमध्ये 13 आला तर कागदावर नॉर्मल छापून येतो आणि कुत्रा मात्र धोक्यात असतो. नळीही खुणेपर्यंत भरलेली हवी. कमी भरली तर आतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, जास्त होतं आणि आकडा उगाच वाढतो.

आता तुमचा रिपोर्ट. रक्त गोठवणारे चार घटक, 2, 7, 9 आणि 10, यकृतात तयार होतात पण व्हिटॅमिन के असल्याशिवाय कामाला लागत नाहीत. वापरलेलं व्हिटॅमिन शरीर पुन्हा ताजं करून घेतं, आणि हे विष नेमकं तेच बंद पाडतं. आधी तयार झालेला माल मात्र रक्तात फिरत असतो, तो संपेपर्यंत सगळं झकास. सगळ्यात आधी 7 नंबर संपतो, आणि पीटी त्याच्यावरच उभा असतो. म्हणून आधी पीटी वाढतो, मागून एपीटीटी, पण पीटी वाढायलाही दीड-दोन दिवस लागतात. काल खाल्लं, आज तपासलं, तर नॉर्मलच येणार. गोळ्या देणारच नसाल तर निदान 48 आणि 72 तासांनी पुन्हा बघा. मी असते तर ती वाट पाहिली नसती.

खंड्याला आधी दुसऱ्या कुत्र्याचं ताजं रक्त चढवलं, कारण व्हिटॅमिन दिल्यावर नवे घटक तयार व्हायला सहा ते बारा तास जातात आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. सोबत के1, म्हणजे फायटोमेनाडिओन. तो 20 किलोचा, किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 100. दहाच्या गोळ्या, सकाळी पाच, संध्याकाळी पाच, तुपाच्या भातातून. स्निग्ध खाण्याबरोबर हे औषध जास्त शोषलं जातं. तिसऱ्या दिवशी पीटी 9.

इथे दादा. "माणसाला एक गोळी देतात आणि कुत्र्याला दहा? रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" मी पुण्याला परतले आणि नवव्या दिवशी त्याने गोळ्या बंद केल्या. तेराव्या दिवशी खंड्या लंगडू लागला, गुडघा टम्म सुजला. पीटी 41. सांध्यात रक्तस्राव. नॉर्मल रिपोर्ट गोळ्यांचा होता, विष यकृतात तसंच होतं. ही नवी विषं तिथे आठवडेच्या आठवडे टिकतात. जुन्या वॉरफरिन विषाला गोळ्यांचं एक-दोन आठवड्यांत भागायचं, ह्यांना तीन-चार लागतात. गोळ्या चालू असतानाचा पीटी काहीच सांगत नाही. शेवटची गोळी दिल्यावर 48 तासांनी काढलेला खरा. आम्ही पुन्हा पूर्ण चार आठवडे दिल्या, थांबवल्या, दोन दिवसांनी तपासलं. 8. दादा अजून म्हणतो तो संधिवात होता. चार आठवड्यांत बरा होणारा संधिवात मी तरी पाहिलेला नाही.

हो, एक राहिलंच. वडीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. झिंक फॉस्फाइड असेल (काळपट भुकटी, लसणासारखा वास) तर वरचं सगळं गैरलागू, त्यावर व्हिटॅमिन के चालत नाही आणि तिथे तासांचा खेळ असतो. उलटी करवायची वेळ तुमची बहुधा गेली, ती पहिल्या काही तासांतच. दुकानदाराने के3 दिलं तर परत करा, त्याचा इथे उपयोग नाही. शिरेतून के1 टोचू देऊ नका, जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. गोळ्या चालू असताना त्याला पळवू नका. डोस तुमच्या कुत्र्याचं वजन बघून डॉक्टरच ठरवतील, माझा आकडा उचलू नका.

आणि घरात कोणी "बरा झालाय की आता" म्हणणारं असेल तर गोळ्यांची पट्टी स्वतःकडे ठेवा.