बेंचवर बसून दमायला का होतं?

प्रश्न: आयटीत आहे, सध्या बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नाही. काम जवळपास शून्य, पण दिवसभर बिझी दिसावं लागतं. घरी येईपर्यंत पार गळून जातो. हा आळशीपणा आहे का?

उत्तर: नाही. खरा आळशी बेंचवर मजेत असतो, तसे दोघे-तिघे प्रत्येक मजल्यावर सापडतात. तुम्हाला दमवतंय ते नाटक. अर्ध्या तासाची एक्सेल शीट संध्याकाळपर्यंत पुरवायची, टीम्सचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून माउस हलवत राहायचं, मागे कोण उभं आहे याचा कानोसा घ्यायचा. लक्ष दिवसभर खर्च होतं आणि हाती काहीच लागत नाही.

हे मनाचे खेळ नाहीत. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये एका परफ्यूम कंपनीतल्या कर्मचाऱ्याला असं कामाविना ठेवणं हा मानसिक छळ मानला होता.

खरी गोम टाइमशीटमध्ये असते. लाज वाटते म्हणून आपण मोकळे तास 'ट्रेनिंग' किंवा 'इंटर्नल सपोर्ट'वर टाकतो. मग रिसोर्स मॅनेजमेंटवाल्यांना आपण गुंतलेले दिसतो आणि नव्या प्रोजेक्टसाठी आपलं नाव पुढे जातच नाही. म्हणजे लपवाछपवीच रिकामपण वाढवते. नियमात बसतं तिथे मोकळा वेळ मोकळाच दाखवा. मॅनेजरला आणि रिसोर्स मॅनेजमेंटवाल्यांना एकच छोटा मेल टाका: कधीपासून मोकळा आहे, काय येतं, कुठल्या टीमला आठवड्याचे किती तास देऊ शकतो. बेंचची मुदत संपत आल्यावर हा मेल केविलवाणा वाटतो, म्हणून याच आठवड्यात. सुट्टीच्या दिवशीही झोप उडत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा.