जैन आचारातले अहिंसा आणि अपरिग्रह

प्रश्न: जैन धर्मातल्या अहिंसा, अपरिग्रह या शब्दांचा नेमका अर्थ काय? मी अगदी नवखा आहे.

उत्तर: सुरुवात 'प्रमाद' या शब्दापासून करा, म्हणजे बेसावधपणा. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाने जीवाचे प्राण हिरावणे अशी आहे. म्हणून नुसता जीव गेला की नाही एवढंच पाहत नाहीत, मनाची अवस्थाही पाहतात.

कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी जैन कुटुंबं शेती करतात. नांगराखाली किडे मरतातच. ही 'उद्योगी' हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, पण जपून वागून कमी करता येते. ठरवून मारणं ही 'संकल्पी' हिंसा, ती मात्र त्याला पूर्ण वर्ज्य. म्हणूनच अहिंसेचं गृहस्थाचं व्रत ते 'अणुव्रत', म्हणजे छोटं व्रत, आणि साधूचं 'महाव्रत', म्हणजे पूर्ण पाळायचं मोठं व्रत.

आता अपरिग्रह, म्हणजे परिग्रह टाळणं. परिग्रहाची व्याख्या तत्त्वार्थसूत्रातच दोन शब्दांत आहे: 'मूर्च्छा परिग्रहः'. मूर्च्छा म्हणजे इथे बेशुद्धी नव्हे, तर 'हे माझं' ही आसक्ती. मात्र 'मला आसक्ती नाही' म्हणत कितीही साठवायची ही पळवाट नाही. गृहस्थ जमीन, घर, सोनं, धान्य यांची मर्यादा आधीच ठरवतो; त्याला 'परिग्रह-परिमाण' म्हणतात. दहा एकरांची मर्यादा घेऊन अकरावा एकर मुलाच्या नावावर घेतला, तर माझ्या मते व्रत कागदावरच उरलं. असा दोष म्हणजे 'अतिचार'.