पगार भागिले १७६ तास हा हिशेब मुळातच चुकतो

प्रश्न: पुण्यात एजन्सीत ग्राफिक डिझायनर आहे, हातात ५८ हजार येतात. नोकरी सोडून फ्रीलान्स करायचंय. ५८,००० ÷ १७६ तास = ताशी ३३० रुपये असा दर काढलाय. बरोबर आहे का?

नाही. ३३० ने पहिल्या वर्षी खर्च वजा जाता महिन्याला चौदा हजारसुद्धा सुटणार नाहीत. हा भागाकार एजन्सीतले सीनियर नव्या पोरांना अगदी खात्रीने शिकवतात, आणि त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही वरचा आकडा कमी धरलात आणि खालचा जास्त.

आधी वरचा. ५८ हजार म्हणजे वर्षाचे ६,९६,०००. पण कंपनी याच्यापेक्षा जास्त देत होती. बेसिक ३० हजार असेल तर पीएफचे तुमचे ३,६०० कापले जात होते आणि तेवढेच कंपनी भरत होती. दोन्ही मिळून वर्षाचे ८६,४००. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या बेसिकच्या हिशेबाने साधारण १७,३००. ऑफिसचा आरोग्य विमा जाणार, स्वतःच्या पॉलिसीचे २५ हजार धरा. त्यात धंद्याचा खर्च आला: १,२०,००० चा लॅपटॉप चार वर्षांत बदलायचा म्हणून ३०,०००, सॉफ्टवेअर आणि फॉन्टचे परवाने ६०,०००, इंटरनेट आणि वीज २४,०००, सीए १२,०००, येणंजाणं १४,०००, एकूण १,४०,०००. सगळं मिळून ९,६५,००० च्या आसपास. कुणी पैसे बुडवतं, कुणी अर्धवट काम थांबवतं, त्यासाठी आणखी ७५ हजार. म्हणजे १०,४०,००० चं बिलिंग झालं तरच तुमची आजची नोकरी भरून निघते. हे माझे आकडे आहेत, स्वतःचे घालून बघा, पण एकही ओळ गाळू नका.

आता खालचा आकडा, खरी गडबड इथे होते. वर्षात शनिवार-रविवार सोडून २६१ दिवस. सण १०, सुट्टी १२, आजारपण ७ वजा केलं की २३२ दिवस, म्हणजे आठ तासांनी १,८५६ तास. हे सगळे बसायचे तास झाले, बिलाचे नव्हेत.

बिलाचे किती, ते एका कामावर बघा. समजा मसाल्याच्या पाकिटाचं लेबल आहे. चौकशीचा फोन ४० मिनिटं, हडपसरच्या पुढे कारखान्यात जाऊन ब्रीफ घ्यायचं तर अडीच तास, कोटेशन एक तास, घासाघीस अर्धा तास. काम मिळायच्या आधीच पावणेपाच तास गेले. मग डिझाइन १४ तास, तीन फेऱ्यांचं करेक्शन ५ तास. प्रिंटरने पाठवलेल्या डायलाइनमध्ये चिकटवायची पट्टी चुकीच्या बाजूला निघाली, ती दुरुस्त करण्यात दीड तास. सीएमवायके, ३ मिमी ब्लीड, फॉन्ट आउटलाइन करून फाइल देण्यात एक तास. शेवटी बिल आणि "साहेब, पेमेंटचं काय झालं" यात दीड तास.

यातले डिझाइन, करेक्शन, प्रिंटर आणि फाइल हे साडेएकवीस तास कामाचे आहेत, ते कोटेशनमध्ये यायलाच हवेत. करेक्शन फुकट असतं असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. एजन्सीत करेक्शन करताना तुमचा पगार चालूच असतो ना? किती फेऱ्या किमतीत आहेत आणि पुढच्या फेरीचे किती, ते लिहून द्या. आणि जे कोटेशनमध्ये धरलं ते पुन्हा बिनपैशाच्या तासांत मोजू नका. एकच तास दोनदा वसूल केला की दर फुगतो आणि काम हातचं जातं.

बिनपैशाचे उरले ते काम मिळण्याआधीचे आणि बिलानंतरचे, मिळून सव्वासहा तास. पण चार कोटेशनांतलं एक लागतं असं धरलं, तर न लागलेल्या तिघांचे प्रत्येकी तीन तासही याच कामावर बसतात. झाले सव्वापंधरा. पोर्टफोलिओ, हिशेब, नवीन शिकणं यांचे सहा तास धरले की एकवीसच्या वर. साडेएकवीस कमावण्यासाठी तेवढेच बिनपैशाचे. म्हणून पहिल्या वर्षी निम्मे तास धरायचे: ९२८.

१०,४०,००० ÷ ९२८ = ताशी १,१२०. जुनी गिऱ्हाइकं परत येऊ लागली आणि साठ टक्के तास बिलाचे झाले की हाच दर साधारण ९३५ वर येतो. चाळीस टक्केच झाले तर १,४०० लागतो. यातलं कोणतं तुम्हाला लागू, ते सहा आठवडे रोजचे तास दोन रकान्यांत लिहूनच कळेल.

नंतर दर महिन्याला दोन भागाकार करा. बिलाची रक्कम भागिले कामाला घातलेले सगळे तास: उत्तर ५६० च्या आसपास हवं. कमी आलं तर बिलाची रक्कम फक्त बिलाच्या तासांनी भागा. तिथे १,१२० येत असेल तर दर ठीक आहे, कोटेशनं आणि फेऱ्या वेळ खातायत. तिथेही कमी असेल तर तुम्ही स्वस्तात काम घेताय किंवा तास कमी धरताय. बहुतेकांचं दुसरं असतं.

हा ताशी दर गिऱ्हाइकाला सांगू नका. वरच्या लेबलचे २४,००० सांगा. "ताशी अकराशे" ऐकलं की समोरचा तासच मोजत बसतो, आणि हात बसला की तुमचाच तोटा. फुकट सॅम्पल तर कुणालाही देऊ नका, ते थेट बिनपैशाच्या रकान्यात जातं.

थोडं राहिलं. एका गिऱ्हाइकाचं वर्षाचं बिल ५० हजारांवर गेलं की कंपन्या बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर शून्य होतो, त्यामुळे रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, पण तोवर हाताशी नसतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच महिन्यात करा: कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि थकलेल्या बिलाच्या पत्रात हे लिहिता येतं.

आणि २४,००० ला लेबल घेणारी गिऱ्हाइकं तुमच्या ओळखीत आज नसतील, तर राजीनामा आत्ता देऊ नका. नोकरीत असतानाच याच दराने चार कोटेशनं देऊन बघा. एकही लागलं नाही तर आकडा खाली ओढू नका, गिऱ्हाईक बदला. घरगुती मसालेवाल्याला हा दर झेपत नाही. ज्याचा माल दुकानांच्या फळीवर दुसऱ्या ब्रँडशेजारी उभा राहतो, त्याला झेपतो.