आधी ट्रान्सफर, मग क्लेम

प्रश्न: पहिल्या कंपनीत 2 वर्षं 5 महिने काढले, सध्याच्या कंपनीत 2 वर्षं 9 महिने. राजीनामा दिलाय, 31 ऑगस्ट 2025 शेवटचा दिवस. पुढे स्वतःचं कन्सल्टिंग करणार आहे. जुन्या पीएफ खात्यात 1,60,000 आणि आताच्या खात्यात 2,60,000 आहेत. दोन्ही काढायचे आहेत. मित्र म्हणतो, पाच वर्षं झाली नाहीत म्हणून दहा टक्के कापले जातील, 15जी फॉर्म भरून टाक. भरू का?

उत्तर: फॉर्म भरू नका, आणि जुन्या खात्यावर क्लेम तर अजिबात टाकू नका. तुमची पाच वर्षं झालेली आहेत, फक्त ती दोन तुकड्यांत पडली आहेत.

बहुतेकांची गल्लत इथेच होते. यूएएन एकच असतो, त्यामुळे खातंही एकच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात यूएएन म्हणजे तुमची ओळख, आणि तिच्याखाली प्रत्येक कंपनीचा मेंबर आयडी वेगळा. पासबुक उघडलंत की दोन आयडी दिसतील आणि पैसे दोन्हीकडे पडून असतील. आयकर कायदा आधीच्या मालकाकडची नोकरी पाच वर्षांत मोजतो, पण त्या नोकरीचे पीएफचे पैसे नव्या खात्यात वळते झाले असतील तरच. दोन क्लेम वेगवेगळे टाकलेत तर एक नोकरी 29 महिन्यांची आणि दुसरी 33 महिन्यांची ठरेल. मग 16,000 अधिक 26,000, म्हणजे 42,000 रुपये टीडीएस जाईल. पॅन जोडलेला नसेल तर दर 20 टक्के. आधी ट्रान्सफर केलंत तर एकूण 62 महिने भरतात आणि रक्कम करमुक्त होते. मधे नोकरी नसलेले दिवस यात धरले जात नाहीत, तुमचं गणित त्यांच्याशिवायच बसतंय.

म्हणून हे काम नोकरीत असतानाच, याच महिन्यात करा. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर आधी View मध्ये Service History बघा. जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख आहे ना, आणि ती नव्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेच्या आधीची आहे ना, हे तपासा. तारीखच नसेल तर Manage मधल्या Mark Exit मधून ती स्वतः टाकता येते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या असतील तर ट्रान्सफर अडकू शकतं. अशा वेळी ज्या कंपनीने चुकीची तारीख टाकली तिच्याकडूनच दुरुस्ती करून घ्या. नंतर Online Services मध्ये One Member – One EPF Account मधून विनंती टाका. नव्या पासबुकात 1,60,000 ची जमा नोंद दिसली की मगच पुढचा विचार. अनेक्शर के उतरवून ठेवा. जुनी सेवा आणि वळती झालेली रक्कम त्यात असते.

आता तुमच्या मित्राच्या सल्ल्याबद्दल. 15जी म्हणजे यंदाच्या एकूण उत्पन्नावर माझा कर शून्य आहे, अशी सहीनिशी घोषणा. पाच महिन्यांचा पगार झाला आहे, कन्सल्टिंगचे किती येतील हे तुम्हालाही आज सांगता येणार नाही. शिवाय ज्या रकमेसाठी हा फॉर्म द्यायचा ती मूळ सूटमर्यादेच्या आत असावी लागते. नव्या करप्रणालीत ती 4 लाख आहे आणि तुमचे होतात 4,20,000. खोट्या घोषणेची जबाबदारी सही करणाऱ्याची असते. 50,000 पेक्षा कमी रक्कम काढली की टीडीएस होत नाही, म्हणून तुकडे करायचा सल्लाही कुणी देईल. त्याने कपात टळते, कर टळत नाही. रक्कम करपात्र असेल तर रिटर्नमध्ये दाखवावीच लागते.

ट्रान्सफर होऊनही कधी कधी जुनी सेवा हिशेबात न येता टीडीएस कापला जातो. घाबरू नका. आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या 26एएस पत्रकात कलम 192ए खाली ती कपात दिसेल. रिटर्नमध्ये पीएफची रक्कम करमुक्त उत्पन्नात दाखवा, कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट घ्या, परतावा मिळतो. आयकर खात्याने विचारणा केली तर अनेक्शर के आणि दोन्ही कंपन्यांची रिलिव्हिंग लेटर पुढे करा.

ट्रान्सफर न करता पैसे काढले असते तर गोष्ट वेगळी. कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगारात धरलं जातं, तुमच्या हिश्शावरचं व्याज इतर उत्पन्नात, आणि जुन्या करप्रणालीत 80सीची वजावट घेतली असेल तर तीही त्या त्या वर्षापुरती मागे फिरते. टीडीएस म्हणजे शेवटचा कर नव्हे. 2025-26 मध्ये नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत राहिलं तर स्लॅबच्या उत्पन्नावरचा कर रिबेटमुळे शून्य होतो आणि कापलेले पैसे रिटर्न भरून परत येतात. त्याच्यावर गेलं तर उलट आणखी भरावे लागू शकतात. गंभीर आजारपण किंवा कंपनी बंद पडणं, अशा आपल्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली तर पाच वर्षांची अटच लागत नाही. राजीनामा त्यात येत नाही.

जुन्या खात्याचे पैसे एकदा हातात घेतले की त्या 29 महिन्यांची सेवा नंतर जोडून घेता येत नाही. तेव्हा आज संध्याकाळी फक्त Service History उघडून त्या दोन तारखा बघा.