'झेअर रूइश' ऐकून खूश होऊ नका: जर्मन शाळेतल्या पालकभेटीचा एक संवाद

प्रश्न: नवरा श्टुटगार्टला आहे, मी आणि मुलगा दिवाळीनंतर जातोय. मुलगा तिसरीत बसेल. पुण्यात माझं बी१ झालंय, पण वर्गशिक्षिकेसमोर बसून काय बोलायचं ते सुचत नाही. एखादा नमुना संवाद मिळेल का?

उत्तर: आधी दोन शब्द वेगळे ठेवा. 'एल्टर्नआबेंट' म्हणजे संध्याकाळची सगळ्या पालकांची सभा. तिथे सहल, वह्या, पालक प्रतिनिधीची निवड असले विषय असतात. स्वतःच्या मुलाबद्दल तिथे विचारायचं नसतं. त्यासाठी 'एल्टर्नश्प्रेशटाग' असतो. त्यात वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. खालचा संवाद या दुसऱ्या भेटीतला आहे. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार 'केलं'मधल्यासारखा वाचा.

पालक: वी गेट एस माइनम झोन इन डेर क्लासं?
(माझ्या मुलाचं वर्गात कसं चाललंय?)

शिक्षिका: एर इस्ट फ्रॉइंटलिश. इम उंटररिश्ट इस्ट एर आबर झेअर रूइश.
(तो सगळ्यांशी छान वागतो. तासाला मात्र फार शांत असतो.)

पालक: इस्ट डास आइन प्रोब्लेम?
(ही काही अडचण आहे का?)

शिक्षिका: एर क्योन्टं झिश योफ्टर मेल्डन. डी म्युन्टलिशं मिटआर्बाइट त्सेल्ट आउख.
(त्याने जास्त वेळा हात वर करायला हवा. तासातला तोंडी सहभागही धरला जातो.)

पालक: इन पुणे हाट एर नूर गश्प्रॉखन, वेन डी लेअररिन ईन गफ्राग्ट हाट.
(पुण्यात बाईंनी विचारलं तरच तो बोलायचा.)

शिक्षिका: आख झो! हिअर झोलन डी किंडर फोन झेल्ब्स्ट एत्वास झागन.
(अच्छा! इथे मुलांनी आपणहून बोलायचं असतं.)

पालक: वास क्योनन विअर त्सू हाउझं टून?
(घरी आम्ही काय करू?)

शिक्षिका: लेझन झी येडन टाग त्सेन मिनूटन त्सुझामन, उंट लासन झी ईन डानाख एर्त्सेलन.
(रोज दहा मिनिटं एकत्र वाचा आणि मग त्याला ते सांगू द्या.)

पालक: हाबं इश झी रिश्टिश फेरश्टान्डन: एर्स्ट लेझन, डान एर्त्सेलन?
(मला बरोबर कळलं ना: आधी वाचायचं, मग सांगायचं?)

यातलं कळीचं वाक्य 'झेअर रूइश'. आमच्या पहिल्या भेटीत ते ऐकून मी हसून 'डांकं' म्हणाले होते! शांत मूल म्हणजे गुणी मूल, हे आपल्या डोक्यात पक्कं. बाईंनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. सहामाही प्रगतिपुस्तक आलं तेव्हा उलगडा झाला: लेखी उत्तम, तोंडी सहभाग कमी. तिकडे श्रेणी लेखी आणि तोंडी दोन्ही मिळून ठरते. (आणि श्रेणी १ सगळ्यात चांगली, ६ सगळ्यात वाईट. ३ दिसलं तर रडायचं नाही, ते 'ठीक' आहे.)

'झिश मेल्डन' हे तुम्ही बी१ला 'फोन करणे, संपर्क करणे' असं शिकला असाल. शाळेत त्याचा अर्थ तर्जनी वर करून बोलायची परवानगी मागणं. हे माहीत नसेल तर बाई तुम्हाला फोन करायला सांगताहेत असं वाटू शकतं.

टीका ओळखायची कशी? बाई आवाज चढवत नाहीत आणि आपल्यासारखं 'लक्षच देत नाही हो' म्हणत नाहीत. आधी एक चांगलं वाक्य, मग 'आबर', आणि त्यानंतरचं खरं. 'क्योन्टं' आलं की 'करायला हवं' असंच समजा. 'डास क्लाप्ट नोख निश्ट इमर', म्हणजे 'अजून नेहमी जमत नाही', याचा अर्थ बहुतेक वेळा जमत नाही असा घ्यायचा.

पुण्याच्या शाळेचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. ती सबब नव्हे, बाईंसाठी ती उपयोगी माहिती असते. मूल घाबरलंय की त्याला अशीच सवय आहे, हे त्यांना त्यातून कळतं. त्यात 'वेन'नंतर क्रियापद शेवटी जातं, तेवढं घोकून ठेवा. बाकी व्याकरण चुकलं तरी चालतं. बाईंना 'टीचर' म्हणू नका, 'फ्राऊ' आणि आडनाव, आणि कायम 'झी'.

दुभाषी म्हणून मुलालाच बसवू नका; स्वतःबद्दलची तक्रार तो कशाला नीट सांगेल? एखादं वाक्य निसटलं तर 'क्योन्टन झी डास बिटं आउफश्राइबन?' (लिहून द्याल का?) असं विचारून वही पुढे करा. माझ्या वहीत अजूनही एका बाईंच्या हातचं 'मेअर मेल्डन!' आहे, खाली दोन रेघा मारलेलं.