मुदतीआधी लीज बंद करताना: आकार, तपासणी आणि गाडीचा ताबा

प्रश्न: कार 36 महिन्यांच्या लीजवर आहे, 24 हप्ते भरून झालेत. आता गाडीची गरज उरली नाही. मध्येच परत दिली तर किती दंड लागेल? गाडीला दोन-तीन ओरखडे आहेत, एका अलॉयला फुटपाथ घासलाय आणि किलोमीटरही जास्त झालेत. आधी दुरुस्ती करून घेऊ की तशीच देऊ?

उत्तर:

दुरुस्तीचा निर्णय सध्या बाजूला ठेवा. आधी करारातलं मुदतपूर्व समाप्तीचं कलम काढून वाचा, कारण ओरखड्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतील की नाही हे त्या कलमावर ठरतं. आकार काढण्याच्या दोन पद्धती जास्त दिसतात आणि दोन्हींत गाडीच्या अवस्थेचा हिशेब निराळा होतो.

पहिल्या पद्धतीत उरलेल्या हप्त्यांचा ठरावीक हिस्सा घेतात, समजा निम्मा. गाडी लिलावात कितीला जाते याच्याशी तुमचा संबंध येत नाही. पण मोडतोड आणि जादा किलोमीटर यांचं बिल वेगळं येतं.

दुसऱ्या पद्धतीत कंपनीच्या खात्यात गाडीवर शिल्लक असलेली रक्कम घेतात, त्यातून गाडी विकून आलेली किंमत वजा करतात आणि उरलेली तूट तुमच्याकडून वसूल करतात. इथे ओरखड्यांमुळे गाडी कमी किमतीला गेली, तर ते नुकसान तुटीत आधीच आलेलं असतं. जादा धावलेल्या किलोमीटरचंही तसंच. म्हणून तूटही मागितली आणि वर मोडतोडीचं बिलही लावलं, तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मागितले जातात. बऱ्याच करारांत अशा वेळी वेगळी आकारणी होणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी हिशेब करणारा माणूस नेहमीच्या सवयीने ती ओळ जोडून टाकतो. कलम दाखवलं की ती निघते, पण दाखवावं तुम्हालाच लागतं.

आता आकडे. गाडीची किंमत 1000 धरू, 36 महिन्यांनंतरची ठरलेली किंमत (जिला रेसिड्युअल म्हणतात) 550 आणि व्याज वर्षाला 9 टक्के. हप्ता साधारण 18.4 बसतो. पहिल्या 12 महिन्यांत तुम्ही 221 भरता, पण त्यातले 84 व्याजात जातात आणि शिल्लक फक्त 137 ने उतरून 863 होते. गाडी मात्र पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त पडते, समजा 760 वर येते. म्हणजे वर्षाअखेर लीज सोडली तर तूट 103. 24 महिन्यांनंतर शिल्लक 714 असते. गाडीचे बाजारात 640 येत असतील तर तूट 74. मुदत पूर्ण झाली की शिल्लक 550 वर येते. लवकर बाहेर पडणं महाग का पडतं याचं कारण एवढंच आहे: हप्ते सारखे असतात, पण गाडीची किंमत सुरुवातीला धाडकन पडते आणि शिल्लक सुरुवातीला सावकाश उतरते.

तुमच्या टप्प्यावर 12 हप्ते बाकी, म्हणजे 221. निम्म्या हप्त्यांच्या पद्धतीत आकार 110 होतो, वर मोडतोड. तुटीच्या पद्धतीत 74 आणि त्यावर प्रशासकीय शुल्क. पण तीच गाडी लिलावात 600 ला गेली तर तूट 114 होते, म्हणजे दुसरी पद्धत स्वस्तच पडेल असं नाही. विक्रीची किंमत कोण ठरवणार, लिलावातली धरणार की मूल्यांकनाची, हे लेखी विचारा. काही करारांत स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यायची मुभा असते. ती असेल तर गाडी ताब्यातून जाण्याआधी वापरा, कारण विक्री झाल्यावर त्या मूल्यांकनाला काही अर्थ उरत नाही. उलट गाडी शिल्लकीपेक्षा जास्त किमतीला गेली तर वरचे पैसे कुणाचे, तेही कलमात पाहा. शिल्लक रकमेत गाडी स्वतःच विकत घ्यायची सोय असेल आणि बाजारभाव वर असेल, तर परत देण्यापेक्षा विकत घेऊन विकणं फायद्याचं ठरू शकतं. फक्त नावावर करण्याचा खर्च आणि कर त्यात धरायला विसरू नका.

किमान आकाराची अट असेल तर तीही बघा. किमान तीन हप्ते असं लिहिलेलं असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत लीज मोडून काहीच वाचत नाही. तेवढे महिने गाडी उभी ठेवली तरी चालेल.

आकडा लेखी घ्या. मुदतपूर्व समाप्तीचा हिशेब मागताना तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे त्यावर असायला हवं, आणि त्या तारखेपर्यंतचे हप्ते धरले आहेत की नाही हेही. पुढचा हप्ता पडायच्या दोन दिवस आधी परत देण्याचं ठरवून पाच दिवसांनी गाडी जमा केली, तर एक अख्खा हप्ता वाढू शकतो. हिशेब हातात नसताना नुसत्या चाव्या नेऊन देणं ही सर्वांत महागडी चूक. काही करारांत त्याला स्वेच्छेने लीज संपवणं न म्हणता हप्ते थकवून गाडी सोडून देणं म्हणतात, आणि त्याचं कलम वेगळं, कडक असतं.

किलोमीटरबद्दल एक प्रश्न विचाराच. समजा मर्यादा वर्षाला 15,000, म्हणजे 36 महिन्यांना 45,000 आहे आणि ओडोमीटरवर 34,500 आहे. पूर्ण मुदतीची मर्यादा धरली तर तुम्ही आत आहात. 24 महिन्यांच्या प्रमाणात धरली तर मर्यादा 30,000 होते आणि 4,500 किलोमीटर जादा ठरतात. एकाच गाडीची दोन बिलं होऊ शकतात, म्हणून 'मर्यादा प्रमाणात कापली जाते का' याचं उत्तर ईमेलवर घ्या.

आता तुमचे ओरखडे. गाडी जमा करण्याच्या दोन-तीन आठवडे आधी प्राथमिक तपासणी मागवा. गाडी धुतलेली आणि कोरडी हवी, वेळ दिवसाची. मळकट गाडीची तपासणी करून घेतली तर धूळ धुतल्यावर जे दिसतं ते शेवटच्या अहवालात नव्याने चढतं. तपासणीस प्रत्येक पॅनेल तिरप्या उजेडात बघतो, ओरखडा नखाला अडकतो का ते पाहतो आणि रंगाची जाडी मोजतो. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. त्याच पॅनेलवर 250 च्या पुढे आकडा गेला की पुन्हा रंग मारलाय हे कळतं. इथेच स्वस्तातली दुरुस्ती अंगाशी येते: ओरखड्याचे थोडे पैसे लागले असते तिथे निकृष्ट रंगकामाबद्दल अख्खा पॅनेल पुन्हा रंगवण्याचा खर्च लावतात.

नखाला न अडकणारे, पॉलिशने जाणारे ओरखडे बहुतेक करारांत सामान्य झीज धरतात. त्यांना हात लावू नका, फार तर पॉलिश करा. रंग न फुटलेला पोचा आतून दाबून काढता येतो, रंगाची गरज पडत नाही. घासलेली अलॉय दुरुस्त करून घेणं बहुधा परवडतं, पण चाक वाकलेलं किंवा तडकलेलं असेल तर नाही. टायरची खोली कडेला, मधे आणि दुसऱ्या कडेला अशी तीन जागी मोजा. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण लीजच्या करारात त्याहून जास्त, जसं 3 मिलिमीटर, मागितलेली असू शकते. टायर बदलायचेच असतील तर मूळ आकाराचे, त्याच भारांकाचे आणि वेगश्रेणीचे घाला. एकाच अॅक्सलवर दोन वेगळे टायर दिसले की ते जुळत नाहीत म्हणून पुन्हा बिल होतं.

नियम सोपा आहे: प्राथमिक अहवालात प्रत्येक दोषापुढे कंपनीचा दर असतो, तो आणि बाहेरच्या दुरुस्तीचा खर्च शेजारी ठेवा. दुरुस्ती स्वस्त पडते तीच करा. आणि तुमचा करार तुटीच्या पद्धतीचा असेल, तर तो खर्च विक्रीच्या किमतीत तितकाच परत येतो का एवढंच पाहायचं. छोट्या दोषांत तो क्वचितच येतो.

गाडीसोबत दोन्ही चाव्या, सर्व्हिसच्या नोंदी, जादा चाक, जॅक, पाना, नोंदणीची कागदपत्रं आणि विजेवरची असेल तर चार्जिंगची केबल द्यावी लागते. दुसरी चावी सापडत नसेल तर आधी कंपनीला सांगा. चिप असलेली चावी गाडीशी नव्याने जुळवावी लागते आणि ऐनवेळी तिचा दर फार लावतात. नंतर लावलेली स्टिरिओ सिस्टीम किंवा काचेवरची फिल्म मूळ अवस्थेत आणायची की नाही, हेही आधी विचारून घ्या. काढताना उरलेला डिंक हाही दोष धरला जातो. फोनचं पेअरिंग, घराचा पत्ता आणि गेटचा रिमोट कोड पुसून टाका, टोलचा टॅग काढून घ्या.

ताबा देताना चारही बाजू, छत, चारही चाकं, डॅशबोर्ड आणि सीट यांचे फोटो काढा. ओडोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत येऊ द्या. पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर, इंधन आणि किती चाव्या दिल्या हे लिहून घ्या. बऱ्याचदा गाडी नेणारा फक्त वाहतूक करणारा असतो आणि खरी तपासणी नंतर डेपोत होते. मधल्या प्रवासात पडलेला खळगा तुमच्या नावावर येऊ नये म्हणून 'ताबा देताना दोष: अमुक-अमुक, अन्य नाहीत' असं पावतीवर लिहून दोघांनी सही करा. कोऱ्या अवस्था-पत्रकावर सही करू नका.

ताब्याची पावती हातात आल्यावरच विमा बंद करा, त्याआधी एक दिवसही नाही. हप्त्याची आपोआप कपात मात्र अंतिम हिशेब होईपर्यंत चालू ठेवून लक्ष ठेवा, कारण मधेच बंद केली आणि कंपनीच्या मते एक हप्ता बाकी असेल, तर थकबाकीची नोंद लागू शकते. अंतिम बिलाचा प्रत्येक दोष प्राथमिक अहवालाशी आणि तुमच्या फोटोंशी ताडून पाहा. जे आधीच्या अहवालात नव्हतं त्याचा फोटो मागा, आणि बिलात तक्रारीसाठी दिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत घ्या. सगळं भरल्यावर लीज बंद झाल्याचं आणि काही देणं उरलं नसल्याचं पत्र घ्या. ताबा देण्याच्या तारखेआधीचे वाहतुकीचे दंड काही महिन्यांनी येऊ शकतात, तेव्हा ताब्याची पावती आणि हे पत्र दोन्ही जपून ठेवा.