पडवीसाठी ऑनलाइन टाइल्स किती बॉक्स मागवू?

प्रश्न: रत्नागिरीजवळ घर आहे, पडवी १२ बाय १० फूट. २ बाय २ च्या टाइल्स ऑनलाइन घेतोय. किती बॉक्स लागतील? फुटलेल्या निघाल्या तर?

उत्तर: ९ बॉक्स घ्या, एकाच ऑर्डरमध्ये. या मापाच्या बॉक्समध्ये बहुधा ४ टाइल्स असतात. जमिनीला ३० लागतात. दोन-तीन बाजूंना ४ इंची स्कर्टिंग असेल तर एका टाइलच्या ६ पट्ट्या निघतात, म्हणजे १२ फूट. त्यासाठी ३ धरा. उरलेल्या ३ तुटफुटीला. तिरप्या बसवणार असाल तर एक बॉक्स जास्तच घ्या, कडेला काप खूप वाया जातो.

मागाहून एक बॉक्स मागवायची वेळ येऊ देऊ नका. डिझाइनचं नाव तेच असलं तरी भट्टीगणिक रंग आणि माप किंचित हलतं. म्हणून बॉक्सवर छापलेला बॅच आणि शेड नंबर नऊही बॉक्सवर एकच आहे का, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. वेगळा निघाला तर तो बॉक्स फोडू नका, परत करा.

माल घाट उतरून येतो, कोपरे आधी जातात. सही करण्यापूर्वी दबलेले बॉक्स उघडून फोटो काढा आणि पावतीवर फुटलेल्या टाइल्सचा आकडा लिहून घ्या. टाइल बोटाने वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर बारीक तडा असतो. बॉक्स आडवे रचू नका, फळीवर उभे ठेवा.